ऋणनिर्देश आटोपशीर कसा करावा?

प्रश्न: पीएचडी प्रबंधाचा ऋणनिर्देश तीन पानी झालाय, नुसती नावं आणि विशेषणं. काय ठेवू?

प्रत्येक नावापुढे त्या माणसाने नेमकं काय केलं ते एका वाक्यात लिहा. जिथे वाक्य सुचत नाही, ते नाव गाळा. मी प्रबंधांचं मुद्रितशोधन करते. ‘ज्ञानाचा अथांग सागर असलेले गुरुवर्य’ हे कुणाही मार्गदर्शकाला चिकटवता येतं (चिकटवतातही!). त्याऐवजी ‘सरांनी तिसऱ्या प्रकरणाचा खर्डा परत करून मुलाखती पुन्हा घ्यायला लावल्या’ असं लिहा. कालिन्याच्या ग्रंथालयात जुने अंक शोधून देणाऱ्या ताईंना एक ओळ द्या, न भेटलेल्या प्राचार्यांना नको. घरच्यांना दोन ओळी पुरतात. मात्र शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेने उल्लेखाची शब्दरचना ठरवून दिली असेल, तर ती जशीच्या तशी ठेवा.