बूमसाठी स्टील की अॅल्युमिनियम: छेदात मोकळं काय आहे ते आधी बघा

> छोट्या ट्रॅक्टरला कपाशीच्या फवारणीचा बूम बनवतोय, एका बाजूला ३ मीटर. टोक झुलायला नको आणि वजनही कमी हवं. मित्रानं E भागिले घनता काढून दाखवलं, स्टील आणि अॅल्युमिनियम सारखंच येतं. दुकानदार म्हणतो अॅल्युमिनियम घ्या, हलकं होतं. खरं कोणाचं? (चोपडा)

भाऊ, दोघंही आपापल्या अटीत बरोबर आहेत. ती अट कोणती हे कळलं की निम्मं काम झालं.

आधी "झुलायला नको" याला आकडा देऊ. समजा टोकाला ५ किलो टांगले, म्हणजे सुमारे ५० न्यूटन, तर टोक २५ मिलिमीटरपेक्षा जास्त खाली येऊ नये. म्हणजे ताठपणा S = २००० न्यूटन प्रति मीटर. एका टोकाला पक्क्या धरलेल्या दांड्यासाठी

S = 3EI/L³

L म्हणजे बूमची लांबी, ती तुमची ठरलेली आहे, S ठरला. उरतं E (यंग मॉड्युलस, धातूचा), छेदाचा आकार वाकायला किती विरोध करतो ते सांगणारा I, आणि वजन m = A·L·ρ, ज्यात A छेदाचं क्षेत्रफळ आणि ρ घनता.

आता भरीव चौकोनी दांडा घ्या आणि त्याची जाडी हवी तेवढी करायची मुभा आहे असं धरा. चौकोनासाठी I = A²/12. हे वरच्या सूत्रात घालून A काढला आणि वजनात ठेवला की

m = √(4·S·L⁵) × ρ/√E

पहिल्या भागात फक्त तुमची गरज आहे, दुसऱ्यात फक्त पदार्थ. म्हणून वजन कमी करायचं तर √E/ρ जास्तीत जास्त हवं. हाच हलक्या, ताठ तुळईचा निर्देशांक. E ला वर्गमूळ लागलं ते A च्या वर्गामुळे. दांडा जाड केला की माल वाढतोच, शिवाय तो मध्यापासून लांबही जातो, त्यामुळे माल दुप्पट झाला की I दुप्पट नाही तर चौपट होतो. हलक्या पदार्थाला जाड व्हायला परवानगी मिळाली की त्याचा कमी E तो असा भरून काढतो.

तुमच्या बूमला आकडे लावले (स्टील E २१० गिगापास्कल, घनता ७८५०, अॅल्युमिनियम ७० आणि २७००, सागवान रेषेच्या दिशेनं ११ आणि ६५०), तर भरीव दांडा स्टीलमध्ये सुमारे २४ किलो, ३२ मिमी बाजूचा. अॅल्युमिनियममध्ये १४ किलो, ४२ मिमी. सागवानात ९ किलोच्या आत, पण ६७ मिमी जाड. कार्बन फायबरचं बहुदिशा लॅमिनेट ७ किलोच्या आसपास येतं, म्हणजे लाकडापासून फार लांब नाही.

केंब्रिजच्या मायकेल अॅशबी यांनी रूढ केलेल्या तक्त्यावर हे एका नजरेत दिसतं. आडवी घनता, उभा E, दोन्ही लॉग मापात. √E/ρ सारखा असलेले पदार्थ २ चढाच्या रेषेवर बसतात. पट्टी त्या चढाला धरून वर डावीकडे सरकवत न्या. शेवटी पट्टीच्या वर उरतात ते कार्बन फायबर, लाकूड, बांबू. मित्रानं जे काढलं ते १ चढाची रेषा, E/ρ. स्टील (२७) आणि अॅल्युमिनियम (२६) त्या एकाच रेषेवर आहेत, म्हणून त्याला फरक दिसला नाही.

मग E/ρ कधी लागू होतो? जेव्हा बाहेरचं माप बांधलेलं असतं आणि फक्त भिंतीची जाडी बदलता येते. तेव्हा I आणि A जवळपास एकाच प्रमाणात वाढतात, वर्ग येत नाही. तुम्ही नळीच वापरणार, म्हणून हा प्रश्न तुमच्यासाठी खरा आहे. बाहेरून ५० × ५० मिमी ठरवा. स्टीलची १.२ मिमी भिंतीची नळी हे काम करते: ३ मीटरचं वजन ५.५ किलो. अॅल्युमिनियमची तेवढाच ताठपणा द्यायला ४ मिमी भिंत लागते आणि वजन होतं ६ किलो. फायदा शून्य, पैसे जास्त. क्लॅम्प ४० × ४० चा असेल तर अॅल्युमिनियम भरीव घेतलं तरी २००० पर्यंत पोहोचत नाही. दुकानदार हे सांगणार नाही.

आता तेच बाहेरचं माप मोकळं करा. अॅल्युमिनियम ६० × ६० × २ मिमी: ताठपणा २०२६, वजन ३.८ किलो. इथे दुकानदार बरोबर. पण हाच न्याय स्टीललाही आहे, भिंत आणखी पातळ करून नळी मोठी केली तर तेही हलकं होतं. थांबवतं काय? स्टीलची १ मिमीची भिंत शेतात दगड लागला की चेपते, वेल्डिंगला जळते, आतून गंजली की दिसतही नाही. अॅल्युमिनियम त्याच वजनात जाड भिंत देतं. माझ्या मते त्याचा खरा लाभ हाच आहे, तक्त्यावरच्या आकड्यापेक्षा मोठा.

लाकडाचं उलट. भरीवमध्ये ते जिंकतं, पण पातळ नळी त्याची होत नाही, त्यामुळे आकाराचा हिशोब धरला की मागे पडतं. बांबू मात्र मुळातच नळी आहे. E १५, घनता ७०० धरली तर ८० मिमी व्यासाचा, ९ मिमी भिंतीचा वासा सुमारे ४.२ किलोत हे काम करतो. आपल्याकडे सातपुड्याचा बांबू मिळतो, म्हणून चेष्टा समजू नका. अडचण ताठपणाची नाही: प्रत्येक वासा वेगळा, शेंड्याकडे निमुळता, उन्हात चिरतो, भुंगा लागतो, आणि बोल्टच्या भोकातून फाटतो. घेतलाच तर भोक न पाडता पट्ट्यानं आवळा.

दोन गोष्टी निर्देशांकात येत नाहीत. "जास्त ताकदीचं स्टील घ्या, कमी झुलेल" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. साध्या आणि भारी स्टीलचा E जवळपास एकच असतो, झुकणं तेवढंच राहतं. दुसरी गोष्ट ताकदीची. ५ किलो भार आणि स्वतःचं वजन धरून ६० ची नळी मुळाशी फक्त २४ मेगापास्कल ताण घेते, म्हणजे उभ्या भाराला भरपूर. पण काळ्या जमिनीत सऱ्या ओलांडताना टोक सतत उसळतं, आणि तडा जातो तो मुळाशी, वेल्डच्या कडेला. ६०६१-टी६ सारख्या अॅल्युमिनियमची ताकद वेल्डजवळ निम्म्यापर्यंत उतरते, E मात्र तसाच राहतो. त्यामुळे टोकाला वजन लावून बघितलं तर सगळं ठीक दिसतं आणि हंगामाच्या मध्यात नळी मोडते. मुळाशी वेल्ड नको. दोन पट्ट्यांत धरून बोल्ट करा आणि नळीच्या आत लांब घट्ट तुकडा घाला.

बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारणार असाल तर अॅल्युमिनियम रंगवल्याशिवाय वापरू नका. तांबं त्यावर बसलं की खड्डे पडतात. फवारणीनंतर साध्या पाण्यानं धुणंही हवंच.

तुमच्या ट्रॅक्टरवर ६० मिमी नळीला जागा असेल तर अॅल्युमिनियम ६० × ६० × २ घ्या. जागा ५० चीच असेल तर स्टील १.२ किंवा १.६ मिमी, पैसे वाचवा. किलोमागचा भाव बाजारातून काढा आणि दोन्ही बाजूंचे मिळून वाचणारे साडेतीन किलो तुमच्या लिफ्टला किती मोलाचे आहेत ते बघा. बनवण्याआधी नळीचा एक तुकडा पक्का आवळून, ३ मीटर बाहेर काढून, आधी टोकाची उंची मोजा, मग ५ किलोची पिशवी टांगून पुन्हा मोजा. दोन्ही मापांतला फरक २५ मिमीच्या आसपास आला पाहिजे. खूप जास्त आला तर दोष नळीचा कमी, पकडीचा जास्त असतो. पकडीजवळ बोट ठेवून बघा, तिथेच हालचाल लागते.