तेरजेतल्या आकड्याला एक जागा, समायोजनेला दोन

प्रश्न: संचालकांचा मोबदला तेरजेत खर्च म्हणून आला आहे. वर समायोजनेत 'व्यवस्थापकीय संचालकांना निव्वळ नफ्याच्या ५ टक्के, मोबदला वजा केल्यानंतर' असं आहे. खर्चाला नेमकी कोणती रक्कम टाकायची?

तेरजेतला आकडा म्हणजे वर्षभरात दिलेली रक्कम. खर्च मात्र करारानुसार जितका होतो तितका दाखवायचा. समजा, ३१ मार्च २०२५ला मोबदला आणि कर यांच्या आधीचा नफा ४४,००,००० रुपये आहे आणि तेरजेत मोबदला १,२०,००० आहे. नफ्यात जमीन विकून झालेले २,००,००० धरलेले आहेत.

कंपनी कायदा २०१३च्या कलम १९८प्रमाणे हा भांडवली नफा मोबदल्यासाठी धरत नाहीत, म्हणून आधार ४२,००,००० होतो. यंत्र विकलं असेल तर नियम थोडा वेगळा आहे: घसारा वजा जाता उरलेली किंमत आणि मूळ किंमत यांच्यातल्या फरकापर्यंतचा नफा धरायचा, मूळ किमतीच्या वरचा सोडायचा. आयकर मात्र या हिशेबात वजा करत नाहीत. करोत्तर नफ्यावर ५ टक्के काढण्याची चूक उत्तरपत्रिकांत फार दिसते.

'मोबदला वजा केल्यानंतर' असेल तर गुणक ५/१०५. म्हणजे ४२,००,००० × ५/१०५ = २,००,०००. 'वजा करण्यापूर्वी' असतं तर ५/१००ने २,१०,००० आले असते. सार्वजनिक कंपनीत एका व्यवस्थापकीय संचालकासाठी कलम १९७ची सर्वसाधारण मर्यादाही ५ टक्केच आहे, त्यामुळे २,००,००० तिच्या आत बसतात. नफा-तोटा पत्रकात 'कर्मचारी लाभ खर्च' या शीर्षाखाली पूर्ण २,००,००० दाखवा आणि न दिलेले ८०,००० 'अन्य चालू दायित्वां'त घ्या. बाकी संचालकांचं सभाशुल्क वेगळं. ते 'इतर खर्चा'त जातं आणि या टक्केवारीत मोजत नाहीत.

प्रश्न: तेरजेत करतरतूद जमेला ९ लाख आणि आगाऊ कर नावे दोन वर्षांचा आहे. समायोजनेत पुन्हा 'करतरतूद २५ टक्के करा' म्हटलंय. दोन तरतुदी कशा दाखवू?

जमेची ९,००,००० ही २०२३-२४ची तरतूद आहे. ती या वर्षीची समजून सोडून दिली की ताळेबंद जुळतो, पण उत्तर चुकतं. म्हणून आधी वर्षं वेगळी करा.

जुन्या वर्षाचं निर्धारण ९,६०,०००ला झालं आणि त्या वर्षाचा आगाऊ करही ९,००,०००च भरलेला आहे असं धरू. तरतूद आणि आगाऊ कर एकमेकांत मिटतात. कमी पडलेले ६०,००० या वर्षीच्या पत्रकात चालू कराखाली 'मागील वर्षांचा कर' म्हणून वेगळ्या ओळीत दाखवायचे. निर्धारण झाल्यामुळे आता हे नक्की देणं आहे, म्हणून तेच ६०,००० 'अन्य चालू दायित्वां'त जातील.

या वर्षीचा करपूर्व नफा ४४,००,००० − २,००,००० = ४२,००,०००. जमिनीचा नफा इथे परत आत येतो. तो फक्त मोबदल्याच्या हिशेबात वगळला होता. २५ टक्क्यांनी कर १०,५०,०००. या वर्षीचा आगाऊ कर ८,००,००० वजा जाता २,५०,००० 'अल्पमुदतीच्या तरतुदीं'त दिसतील. आगाऊ कर जास्त निघाला असता तर फरक मालमत्तेच्या बाजूला गेला असता. करोत्तर नफा ४२,००,००० − १०,५०,००० − ६०,००० = ३०,९०,०००.

(प्रत्यक्षात कर पुस्तकी नफ्यावर नाही, करपात्र उत्पन्नावर लागतो. दर दिलेला असेल तर परीक्षेपुरतं हे चालतं.)

प्रश्न: आमच्या जुन्या नोट्समध्ये प्रस्तावित लाभांश तरतुदीत आहे, नवीन पुस्तकात कुठेच नाही. बरोबर काय?

नवीन पुस्तक. लेखामानक ४ मध्ये २०१६ साली दुरुस्ती झाली. वर्षअखेरीनंतर सुचवलेला लाभांश त्या तारखेला देणं नसतो, कारण सभेने तो अजून मंजूर केलेला नसतो. म्हणून तो फक्त टिपांत उघड करायचा.

भागभांडवल १,००,००,००० आणि थकीत हप्ते १,००,००० असतील तर लाभांश ९९,००,००० या वसूल भांडवलावर काढा. १० टक्के अंतिम लाभांश ९,९०,००० होतो. तो टिपेत लिहा, ताळेबंदाचा एकही आकडा हलवू नका.

तेरजेतल्या लाभांशाचं उलट आहे. गेल्या वर्षीचा ८ टक्के अंतिम लाभांश, म्हणजे ७,९२,०००, सप्टेंबर २०२४च्या सभेत मंजूर होऊन दिला गेला. यंदाचा ५ टक्के अंतरिम ४,९५,०००. हे दोन्ही नफा-तोटा पत्रकात टाकू नका. 'राखीव निधी व आधिक्य' या टिपेत आधिक्यातून वजा करा:

सुरुवातीची शिल्लक १२,००,०००
अधिक करोत्तर नफा ३०,९०,०००
वजा अंतिम लाभांश (२०२३-२४) ७,९२,०००
वजा अंतरिम लाभांश ४,९५,०००
अखेरची शिल्लक ३०,०३,०००

प्रश्न: 'न मागितलेला लाभांश' तेरजेत जमेला आहे. तो आधिक्यात परत मिळवायचा का?

नाही. तो भागधारकांचाच पैसा आहे आणि 'अन्य चालू दायित्वां'त राहतो. जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत न दिलेला लाभांश पुढच्या ७ दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवावा लागतो. ती बँक शिल्लकही ताळेबंदात सर्वसाधारण रोख-बँकेपासून वेगळी दाखवायची असते. ७ वर्षं तशीच पडून राहिलेली रक्कम गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जाते.