पाइप गॅसचं बिल: अंदाजे रीडिंगनंतरची मोठी दुरुस्ती

प्रश्न: पाइप गॅसची तीन बिलं अंदाजे रीडिंगवर कमी आली. आता खरं रीडिंग घेतल्यावर एकदम तिप्पट बिल आलंय. भरू की तक्रार करू?

आधी युनिट तपासा, मग दर. आमच्याकडे युनिट बरोबर निघाले, चुकली होती ती रक्कम.

आमचा मीटर ओट्याखाली आहे आणि रीडिंगवाला यायचा तेव्हा घराला कुलूप. त्यामुळे दोन-दोन महिन्यांची तीन बिलं अंदाजे आली, प्रत्येकी १४ युनिटची (एक युनिट म्हणजे एक घनमीटर). हे १४ कुठून आले? त्याआधीच्या बिलातून, आणि त्या काळात आम्ही जवळजवळ महिनाभर बाहेरगावी होतो! शेवटचं खरं रीडिंग ४१२; अंदाजाने ते ४५४ वर नेऊन ठेवलं होतं. चौथ्या वेळी माणूस आत आला, मीटरवर निघाले ५०२ आणि बिल आलं ४८ युनिटचं.

बिलावरच्या 'मागील रीडिंग'वर जाऊ नका, तो अंदाजच असतो. जुनी बिलं काढून शेवटचं खरं रीडिंग शोधा. आमचं ५०२ वजा ४१२, म्हणजे आठ महिन्यांत ९० युनिट, दर बिलाला साडेबावीस. एवढा गॅस आपण जाळतो का, हे पाहायला मी एका रविवारी सकाळी मीटर वाचला: ५०८.३१०. पुढच्या रविवारी त्याच वेळी ५१०.९३५. आठवड्याला २.६२५, म्हणजे साठ दिवसांना साडेबावीसच. बायको म्हणाली, आता भांडायचं कशाला!

तुमचा आठवड्याचा हिशेब बिलापेक्षा फारच कमी निघाला, तर बिलावरचा मीटर नंबर आपलाच आहे ना ते बघा. मीटरवरचे लाल आकडे दशांशानंतरचे असतात. त्यातला एखादा काळ्या आकड्यांना चिकटवून वाचला, की रीडिंग थेट दहापट होतं. हे दोन्ही ठीक असेल तर मीटर तपासणीची मागणी करा.

आता दर. आमच्या ४८ पैकी साडेपंचवीस युनिट आधीच्या सहा महिन्यांतले होते, पण मधे दर वाढला होता आणि सगळे ४८ नव्या दराने लावले होते. वापरानुसार चढते टप्पे असतील तिथे तर जास्तच फटका, कारण साठलेले युनिट एकाच बिलात येऊन वरच्या टप्प्यात जातात. मी अर्जात दोन खरी रीडिंग, त्यांच्या तारखा आणि 'युनिट मान्य, पण ते चारही बिलांत वाटून त्या त्या काळच्या दराने आकारावेत' एवढंच लिहिलं. सोबत मीटर नंबर आणि आकडे एकत्र दिसतील असा फोटो जोडला. पहिल्या खेपेला 'सिस्टीममध्ये असंच येतं' हे उत्तर, दुसऱ्या खेपेला सुधारित बिल.

तोवर बिल नुसतं थकवू नका, जोडणी तोडतील. वादात नसलेली रक्कम भरून घ्या आणि उरलेली निकालापर्यंत थांबवा, अशी मागणी त्याच अर्जात करा. पोच घ्यायला विसरू नका.