कैकेयीचं खरं कारण कोणतं?

प्रिय मैत्रिणी,

(तू मला काका म्हणतेस, पण लिहिणाऱ्या माणसाला मी आधी मैत्रीणच मानतो, म्हणून असं.)

तुझी एकांकिका काल रात्री दोनदा वाचली. परवा तलावपाळीला बसलो होतो तेव्हा तू विचारलंस, "काका, कैकेयीनं नक्की का केलं ते? खरं कारण कोणतं?" आणि मी नुसतं हं हं केलं, कारण ते उभ्या उभ्या भेळ खाताना सांगण्यासारखं नव्हतंच. आता नीट सांगतो.

आधी एक आठवण. मी आठवी-नववीत असेन, नौपाड्यात आमच्या वाड्याजवळच्या देवळात रामनवमीचं कीर्तन होतं. बुवा वनवासाच्या आख्यानावर आले आणि पुढं बसलेल्या एका आजींनी सरळ मधेच विचारलं, अहो बुवा, आदल्या दिवशीपर्यंत रामाला पोटच्या पोरासारखं वागवणारी बाई एका रात्रीत अशी कशी फिरेल? बुवांनी झांजा थांबवल्या. म्हणाले, आजी, देवांना रावण मारायचा होता, सरस्वतीनं मंथरेची बुद्धी फिरवली, आणि मंथरेनं कैकेयीची. आजींनी मान हलवली, पण घरी जाताना आमच्या आईला म्हणाल्या, "छे गं, सवत आहे ती, त्याला सरस्वती कशाला लागते!" एकाच देवळात, एकाच तासात दोन कैकेयी झाल्या बघ. आणि दोघांपैकी कुणीही ते मनानं रचलेलं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

कारण तू म्हणतेस ते "मूळ कारण" शोधायला वाल्मीकींकडं जा, तिथं एक कारण मिळतच नाही. अयोध्याकांड उघड. मंथरा गच्चीवरून सजवलेली अयोध्या बघते आणि धावत येऊन कैकेयीला उठवते, उद्या रामाचा अभिषेक आहे म्हणून. कैकेयी काय करते? खूश होते, अंगावरचा दागिना काढून मंथरेला बक्षीस देते आणि म्हणते मला राम काय नि भरत काय, सारखेच. मंथरा तो दागिना फेकून देते. मग ती जे बोलते ते नीट वाच, ती म्हणते तू नवऱ्याची लाडकी होतीस तेव्हा तोऱ्यात कौसल्येला कमी लेखलंस, आता ती राजमाता झाली की वचपा काढणार नाही का? म्हणजे हे लोभापेक्षा भीतीचं प्रकरण जास्त आहे, आणि भीती अगदी बिनबुडाची नाही.

बिनबुडाची का नाही, तर दशरथ स्वतः रामाला सांगतो की भरत गावाबाहेर आहे तोवरच तुझा अभिषेक उरकून घ्यावा असं मला वाटतं. आणि घाईत केकयराजाला, म्हणजे कैकेयीच्या माहेरी, बोलावणंसुद्धा पाठवलेलं नाही. का बरं? त्याचं उत्तर कितीतरी पुढं, चित्रकूटावर राम भरताला समजावताना बोलून जातो, की बाबांनी लग्नाच्या वेळी तुझ्या आजोबांना वचन दिलं होतं, कैकेयीच्या मुलाला राज्य देईन म्हणून. राज्यशुल्क म्हणतात त्याला. हे वाक्य जर आधी आलं असतं तर सगळा प्रसंगच वेगळा दिसला असता! पण कवी ते आधी सांगत नाही, आणि सांगितल्यावर त्यावर काही निकालही देत नाही.

अजून गंमत बघ, रामाचं स्वतःचं मतसुद्धा एक राहत नाही. लक्ष्मण चिडतो तेव्हा राम म्हणतो की तिनं मला कधी परकं मानलं नाही, मग अशी ती बोलली म्हणजे हे दैवच असणार. आणि वनातल्या सुरुवातीच्या एका रात्री, झाडाखाली, तोच राम म्हणतो की ही बाई राज्यासाठी बाबांचा जीवसुद्धा घेईल. दोन्ही वाक्यं एकाच काव्यात आहेत आणि कवीनं एकही पुसलेलं नाही.

म्हणजे काव्यात पक्कं काय आहे, तर कृती. तिनं दोन वर मागितले, भरताला राज्य आणि रामाला चौदा वर्षं वनवास. ही कृती सुटली तर रामायणच सुटतं, म्हणून तिला सहसा कुणी हात लावत नाही. आणि तिच्यामागचा हेतू? त्याबद्दल मंथरा बोलते, दशरथ बोलतो, राम बोलतो, भरत बोलतो, म्हणजे सगळ्या साक्षी आहेत पण निकाल नाही. मग पुढच्या प्रत्येक कवीनं यातली एखादी साक्ष उचलली आणि तिचा निकाल करून टाकला. बुवांची सरस्वती त्या "दैवच असणार" मधून आली, आणि आजींची सवत मंथरेच्या भाषणातून. मला वाटतं रामायण टिकलं ते इथंच, कारण ऐकणाऱ्याला दर पिढीत ती आजींची शंका येतेच आणि काव्यात तिचं उत्तर बंद केलेलं नाही, त्यामुळं सांगणाऱ्याला पुन्हा सांगावंच लागतं.

आता तुझ्या कामाचं. हेतू बदलला की त्याची किंमत कथेत कुठंतरी मोजावी लागते, ती कुठं मोजलीय ते बघायला शीक. तीन उदाहरणं देतो, तिन्ही मला मनापासून आवडतात.

तुलसीदासांनी रामचरितमानस 1574 मध्ये लिहायला घेतलं. त्यांच्यासाठी राम साक्षात देव, मग देवाच्या विरुद्ध कुणाचं काही चालेलच कसं, हा भक्ताचा प्रश्न. म्हणून देव सरस्वतीला गळ घालतात, तिला ते काम पटत नाही, पण ती जाते आणि मंथरेची मती फिरवते. दोष वर गेला. पण पुढं वाच, कैकेयी बोलायला लागली की तुलसीदास तिला कुटिल आणि पापी म्हणायचं काही सोडत नाहीत! म्हणजे कारणात माफी आणि प्रसंगात शिव्या. हा सांधा तिथं दिसतो, आणि मला तो दोष वाटत नाही, कारण राम डोळ्यांसमोर घर सोडून चाललेला असताना ऐकणाऱ्याला देवांची योजना आठवून गप्प बसता येत नाही.

भासाच्या प्रतिमा नाटकात वेगळीच गोष्ट. तिथं कैकेयी भरताला सांगते की तुझ्या बाबांना शाप होता, पुत्रशोकानं मरण येणार असा (आपल्या श्रावणबाळाच्या गोष्टीतला), तर मुलाचा वियोग कुणाला तरी घडवायलाच हवा होता. भरत हुशार, तो लगेच विचारतो मग मलाच का नाही पाठवलंस? ती म्हणते तू मामाकडंच वाढलास, तुझ्या नसण्याची त्यांना सवय झालेली. केवढं बोचणारं वाक्य आहे! मग भरत विचारतो, बरं पण चौदा वर्षं कशाला? आणि ती म्हणते, मला चौदा दिवस म्हणायचं होतं, मन थाऱ्यावर नव्हतं, तोंडून वर्षं निघून गेलं. इथं मात्र सांधा फाटतो. दिवस म्हणायचे होते तर दुसऱ्या सकाळी दुरुस्त का नाही केलं? रंगमंचावर नटीनं ते वाक्य जीव ओतून म्हटलं तर प्रेक्षक मान्य करेलही, पण घरी जाताना त्याला ती शंका येणारच.

तिसरं जैन परंपरेतलं, विमलसूरींचं पउमचरिय, जुन्या महाराष्ट्री प्राकृतातलं. यातला दशरथ दीक्षा घेऊन संसार सोडायला निघालाय, आणि बापाचं बघून भरतालाही वैराग्य आलंय. कैकेयीच्या डोळ्यांसमोर एकाच दिवशी नवरा पण चालला आणि मुलगा पण. मुलाला घरात अडकवायचा एकच उपाय तिला सुचतो, त्याच्या गळ्यात राज्य घालायचं. म्हणून ती जुना वर काढते आणि भरताला राज्य मागते. बस. रामाला वनात पाठवा असं ती म्हणतच नाही! राम आपण होऊन निघतो, कारण तो समोर असताना भरताचं राज्य कुणी मानणार नाही. दशरथही शोकानं मरत नाही, दीक्षा घेतो. आणि नंतर कैकेयी स्वतः रामामागं जाऊन त्याला परत चल म्हणून विनवते. बघितलंस? एक हेतू बदलला आणि त्याच्यामागून वनवास बदलला, बापाचा मृत्यू बदलला, परत बोलवायचा प्रसंगही बदलला. इथं किंमत पूर्ण मोजलीय, म्हणून ही कैकेयी कुठं ठिगळ लावल्यासारखी वाटत नाही.

आपल्या घराघरात पोचलेलं गीतरामायण 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, त्यातही भरत आईला वैरीण म्हणतो आणि राम त्याच भरताला सांगतो की आईचाही दोष नाही नि बाबांचाही नाही. लहानपणी मी दोन्ही गाणी एकाच श्रद्धेनं ऐकली आणि मला कधी त्यात विसंगती वाटली नाही, कारण रागावलेला मुलगा आणि सावरलेला भाऊ एकाच बाईबद्दल एकच बोलणार नाहीत हे पोरालाही कळतं.

आता तुझी एकांकिका. तुझ्या कैकेयीला सगळं आधीच माहितीय, राम वनात गेला नाही तर रावण मरणार नाही, म्हणून ती जाणूनबुजून बदनामी ओढवून घेते. हा हेतू बऱ्याच जणांनी वापरलाय, त्याला माझी काही हरकत नाही. पण तू तो पहिल्या पाच मिनिटांत स्वगतात सांगून टाकलास आणि बाकी सगळं जुनंच ठेवलंस, तेच कोपभवन, तोच दशरथाचा आक्रोश, तीच पडद्यामागची रडारड. म्हणजे हेतू नवा आणि प्रसंग सगळे जुन्या हेतूचे. मग दशरथ मरतो तेव्हा या बाईचं काय होतं? तिला रावण मारायचा होता, नवरा नाही. तिच्या हिशेबात हे होतं का? होतं असेल तर ती फार भयंकर बाई आहे, नसेल तर तिचा हिशेब चुकलाय, आणि दोन्हींपैकी एक तुला ठरवावंच लागेल, दोन्ही टाळून पुढं जाता येणार नाही.

आणि भरत परत येतो तो सीन तर तू लिहिलाच नाहीयेस. तो मामाकडून येतो, बाप गेलेला, भाऊ वनात, आणि आईसमोर उभा राहून नाही नाही ते बोलतो. तुझी कैकेयी एक वाक्य बोलली तर तो शांत होईल, पण ते वाक्य बोलली तर तिनं ओढवून घेतलेली बदनामी फुकट जाईल. तिनं काय करायचं? मला तर ती गप्प बसलेली दिसते, हातात काहीतरी काम घेऊन, कदाचित त्याचाच प्रवासातला मळलेला शेला घडी घालत. पण ते माझं झालं, तुझं तू बघ.

स्वगत काढून टाक आणि आधी तो सीन लिही, पाच-सहा पानं पुरेत. रविवारी संध्याकाळी मी गडकरीच्या कट्ट्यावर असेन, घेऊन ये, भरत मी वाचतो.

तुझा,
काका