नायट्रिक ॲसिड सांडलं तर भुशाला हात लावू नकोस

प्रयोगशाळेत नवीन आहेस, म्हणून आधी हे सांगतो. नायट्रिक ॲसिडची बाटली ॲसेटिक ॲसिडशेजारी ठेवू नकोस. दोन्ही ॲसिडच असली, तरी ॲसेटिक जळतं आणि नायट्रिक त्याला पेटवू शकतं.

समज, 100 मिलीलिटर सांडलं. ज्याला दिसलं त्याने लगेच ओरडून सांगायचं. शिक्षक मुलांना बाहेर नेतील. कुणाच्या अंगावर उडालं असेल, तर सांडलेलं राहू दे. आधी त्याला नळाखाली 15 मिनिटं धर. मग गॉगल, हातमोजे घालून कडेकडून आत खाण्याचा सोडा टाक. फेस थांबल्यावर पीएच पेपर लावून बघ, मगच पूस. भुसा, कापूस पेट घेऊ शकतात. तपकिरी धूर दिसला तर तूही बाहेर पड, दार लावून मदत बोलाव.