नऊला अंथरुणात, झोप मात्र सव्वादहाला

"मॅडम, बरोबर नऊला लाईट बंद करते, तरी हा तासभर नुसता लोळतो. पाणी, शू, अजून एक गोष्ट, मग रडारड. काय करू?"

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून दोनदा तरी येतोच. इंदिरानगरची एक आई आली होती, मुलगा सात वर्षांचा, आपण त्याला ओम म्हणू. मी त्यालाच विचारलं, अंधारात पडल्या पडल्या काय करतोस रे? तो म्हणाला, "पंख्याची पाती मोजतो. पण फिरताना मोजता येत नाहीत, मग राग येतो."

मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटलं. पोरगं हट्ट करत नव्हतं, त्याला खरंच झोप येत नव्हती आणि रोज तासभर जागं पडून पडून अंथरूण म्हणजे कंटाळा आणि आईची चिडचिड हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी वागणुकीकडून सुरुवात करणाऱ्यातली आहे, मनातली कारणं खणण्याआधी मला वही लागते. म्हणून आईला सांगितलं, सात दिवस फक्त लिहा, अंथरुणात किती वाजता गेला, डोळा किती वाजता लागला, उठला कधी, दिवसा झोपला का.

वही आली. झोप लागल्याच्या वेळा होत्या 10:05, 10:15, 10:10, 10:20, 10:10, शनिवारी 10:40, रविवारी 10:05. सरासरी सव्वादहा. आणि त्यात एक गंमत होती, दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठायचं म्हणून मंगळवारी रात्री आईने साडेआठलाच झोपवायला नेलं होतं, तरी झोप लागली ती सव्वादहालाच. मी त्या ओळीवर बोट ठेवून गप्प बसले. आईने दोनदा वाचलं आणि हळूच म्हणाली, "म्हणजे मी लवकर नेऊन त्याला फक्त जास्त वेळ जागं ठेवतेय?" बस, हेच तिच्या तोंडून यायला हवं होतं. मी सांगितलं असतं तर घरी जाऊन पुन्हा नऊलाच लाईट बंद झाला असता.

झोप येते ती दिवसभर साठलेल्या थकव्याने आणि शरीराच्या घड्याळाने. सुट्टीत ओमचं घड्याळ पुढे सरकलं होतं, आणि गंमत अशी की नेहमीच्या झोपेच्या आधीच्या एकदोन तासांत शरीर उलट जास्त जागं असतं, तेव्हा कितीही थोपटा.

मग ठरवलं, काही दिवस झोपायची वेळ साडेदहा, म्हणजे सरासरीपेक्षा थोडी पुढेच, म्हणजे पडल्या पडल्या डोळा लागेल. उठायचं मात्र साडेसहालाच, रविवारीसुद्धा. शाळेतून येताना रिक्षात डुलकी घ्यायचा ती बंद, रिक्षाकाकांना सांगितलं की याला बोलतं ठेवा. साडेदहापर्यंतचा वेळ हॉलमध्ये मंद दिव्यात, टीव्ही मोबाईल नाही. आजी त्याला मटकी निवडायला बसवायच्या, आणि कंटाळवाणं काम होतं म्हणूनच मला ते आवडलं. अंथरुणात फक्त झोपायचं, अभ्यास पण तिथे नाही.

आजींना पटत नव्हतं, "लहान पोराला साडेदहापर्यंत जागवायचं?" त्यांची काळजी बरोबरच होती, या वयाला 9 ते 12 तास झोप लागते आणि इथे आठच मिळणार होते. म्हणून हे थोड्या दिवसांपुरतंच, संध्याकाळी किरकिर वाढेल हे आधीच सांगून ठेवलं.

चौथ्या रात्री तो दहा मिनिटांत झोपला. पंधरा-वीस मिनिटांच्या आत झोप, अशा सलग तीन रात्री झाल्या की पंधरा मिनिटं अलीकडे. सव्वादहा, दहा. मग एका रविवारी आजींनी मायेने साडेआठपर्यंत झोपू दिलं आणि त्या रात्री पोरगं अकरापर्यंत टक्क जागं. आई घाबरून फोनवर म्हणाली सगळं वाया गेलं. मी म्हटलं काही वाया नाही, उद्या साडेसहाला उठवा आणि दोन रात्री दहाच ठेवा, मग पुढे. बहुतेक घरी हे अडतं ते रात्री नाही, सकाळीच.

साडेनऊ व्यवस्थित जमलं. सव्वानऊला आणलं तर परत पस्तीस मिनिटं लोळणं, म्हणून साडेनऊवर थांबलो. साडेनऊ ते साडेसहा नऊ तास होतात आणि पोरगं सकाळी हाकेसरशी उठतं, मग शेजारच्या मुलाची वेळ आपल्याला कशाला हवी?

मूल घोरत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल, पाय सारखे वळवळत असतील, तर आधी बालरोगतज्ञांना दाखवा, आणि फिट येण्याचा त्रास असेल तर झोप कमी करणारा हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचाच नाही. अंधाराची किंवा शाळेची भीती असेल तर नुसती वेळ सरकवून भागत नाही, ते काम वेगळं.

गेल्या आठवड्यात ओमच्या आईचा फोन आला होता. म्हणाली, "मॅडम, काल पंख्याचं बटण दाबून वळले, तर हा झोपलेला."