वाटणीत आलेले गाळे, एचयूएफ आणि कर

निपाणीत आजोबांच्या वेळचे दोन गाळे आहेत, महिन्याला 50 हजार भाडं येतं. मी बेळगावात नोकरीला, करपात्र पगार 14 लाख. बायको आणि एक मुलगी. एचयूएफ, म्हणजे करासाठी वेगळं धरलं जाणारं हिंदू अविभक्त कुटुंब, काढलं तर खरंच टॅक्स वाचतो का?

तुमच्या आकड्यांत वाचतो, पण गाळे तुमच्याकडे कसे आले ते आधी बघा. कपाटातला दस्त काढा. आपल्याकडे तो कन्नडमध्ये असतो. वर ‘विभाग पत्र’ असेल आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीच्या वाटणीत गाळे तुमच्या वाट्याला आले असतील, तर ते तुम्ही, बायको आणि मुलगी यांच्या एचयूएफचे. मात्र वडिलांनी स्वतः घेतलेले गाळे त्यांच्यामागे वारसाने तुमच्या नावावर चढले असतील, तर ते तुमचे वैयक्तिक. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये चंदर सेन प्रकरणात हे स्पष्ट केलं. बोलताना आपण दोन्हींना ‘वडिलोपार्जित’ म्हणतो, तिथेच घोळ होतो.

वैयक्तिक गाळे नंतर एचयूएफमध्ये टाकून उपयोग नाही. त्यांचं उत्पन्न तुमच्याच उत्पन्नात जोडलं जातं. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी पगारातली बचत एचयूएफच्या खात्यात टाकून ठेव केली. व्याज शेवटी त्यांच्याच नावावर धरलं गेलं, वर थकलेल्या करावर दोन वर्षांचं व्याज भरावं लागलं.

वाटणीचे गाळे धरून 2025-26 चा नव्या करपद्धतीचा हिशेब असा. वर्षाचं भाडं 6 लाख, त्यातून 30 टक्के वजावट जाऊन 4 लाख 20 हजार उरतात (घरपट्टी भरली असेल तर आणखी थोडे कमी). सगळं तुमच्याच नावावर धरलं तर 18 लाख 20 हजारांवर सेससह कर 1,70,560 रुपये. वेगळं केलं तर तुमचा 93,600 आणि एचयूएफचा फक्त 1,040. म्हणजे वर्षाला 75,920 रुपये वाचतात.

हाच सल्ला तुमच्या 7 लाख करपात्र पगाराच्या भावाला देऊ नका. त्याच्या वाट्यालाही एवढंच भाडं धरलं, तर त्याचं भाड्यासकट उत्पन्न 11 लाख 20 हजार होतं आणि 12 लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे त्याला कर शून्य. ही सवलत एचयूएफला मिळत नाही, म्हणून वेगळं केल्यावर त्याला उलट 1,040 भरावे लागतील.

करायचंच ठरलं तर एचयूएफचं पॅन आणि बँक खातं काढा, भाडेकरार त्याच नावाने नव्याने करा आणि भाडं थेट त्या खात्यात येऊ द्या. आणि बायकोशी आधी बोला. 2005 पासून मुलगी जन्माने सहहिस्सेदार आहे, त्यामुळे पुढे गाळे विकताना तिचा हिस्सा मानावाच लागेल. नको वाटलं म्हणून एकच गाळा बाहेर काढता येत नाही. 1978 नंतरची अर्धवट वाटणी आयकर खातं मानत नाही, वाटणी पूर्णच करावी लागते.